‘काही नाही’ म्हणणारा राग: याला उत्तर द्यायचं तरी कसं?

कातरवेळ

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा कधी आवाज चढवत नाही. सगळे म्हणतात, किती शांत माणूस मिळालाय तुला. आणि मी महिन्याभरापासून रोज रात्री छातीत गाठ घेऊन झोपतेय.

जूनमध्ये मी संध्याकाळचा एक कोर्स लावला. मंगळवार आणि शुक्रवार, सात वाजता. मुलगी सहा वर्षांची आहे, म्हणून त्या दोन दिवशी त्याने साडेसहाला घरी यायचं असं ठरलं. विचारलं तेव्हा म्हणाला, “कर की, मला काय.” एरवी हा माणूस सव्वासहाला दारात असतो. कोर्सच्या दिवशी मात्र सात वाजून दहा मिनिटं. कधी मीटिंग लांबली, कधी पेट्रोल भरायचं होतं, कधी कुणीतरी वाटेत भेटलं. मी पर्स खांद्याला लावून उभी, आणि तो सावकाश एकेक बूट काढत म्हणतो, “जा जा विदुषीबाई, वर्ग खोळंबला असेल.”

रागावला आहेस का विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नाही. तुलाच सगळ्यात अर्थ दिसतात.” मग दोन-तीन दिवस फक्त हो आणि नाही. चौथ्या दिवशी काही घडलंच नाही असा वागायला लागतो.

परवा मी किंचाळले. मुलीसमोर. तो अगदी शांतपणे म्हणाला, “बघ, रागीट कोण आहे या घरात.” आणि त्या क्षणी मला तेच खरं वाटलं.

जो राग आहे हेच समोरचा मान्य करत नाही, त्याला उत्तर कसं देता तुम्ही?

रानवारा

“रागीट कोण आहे घरात.” हेच वाक्य, याच शब्दांत, मीही ऐकलंय. तुम्ही एकट्या नाही आहात.

खडूस_काका

सोपं आहे. लक्षच देऊ नका. रुसणाऱ्याला प्रेक्षक लागतो. तुम्ही दर वेळी “काय झालं, काय झालं” करत मागे फिरता, म्हणून खेळ चालू राहतो. आठ दिवस विचारू नका, आपोआप बोलेल.

सावली

आमच्याकडे मोठे दीर आहेत. राग आला की घर डोक्यावर घेतात. सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात, नंतर तासाभराने हसत येतात. मला अशा माणसांची भीती वाटते. कातरवेळ, तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत जात जा, मी तेच करते.

रानवारा

सावली, त्यांचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. तुमचे दीर राग बोलून दाखवतात. इथे तोच बोलला जात नाहीये.

सावली

अरे हो, घाईत वाचलं. पण खरं सांगू, न बोलणाऱ्याबरोबर राहणं जास्त बरं असेल असं मला आजवर वाटत होतं.

विश्लेषक

हा सरळसरळ व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे. पॅसिव्ह ॲग्रेसिव्ह पर्सनॅलिटी. मानसोपचारतज्ज्ञाकडून निदान करून घ्या म्हणजे उपचार सुरू करता येतील. घरच्या घरी हे सुटणारं नाही.

निशिगंध

मी गेली सतरा वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करते, म्हणून थोडं लिहिते.

विश्लेषक, हे नाव मुळात घरातून आलेलंच नाही, सैन्यातून आलंय. 1945 साली विल्यम मेनिंजर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने युद्ध खात्याच्या एका वैद्यकीय पत्रकात ते वापरलं. काही सैनिक हुकूम मोडत नसत, पण तोंड फुगवून बसत, रेंगाळत, काम मुद्दाम अर्धवट करत. उघड नकार दिला तर शिक्षा होती, म्हणून तो नकार असा बाहेर पडे. 1952 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो विकार म्हणून आला. 1994 च्या आवृत्तीत ‘आणखी अभ्यास हवा’ म्हणून परिशिष्टात गेला आणि 2013 च्या आवृत्तीतून निघाला. एका मोठ्या अडचणीवर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. हे वागणं परिस्थितीनुसार खूप बदलतं. तोच माणूस साहेबासमोर एक आणि मित्रांमध्ये वेगळा असतो.

त्यामुळे नवऱ्याच्या कपाळावर निदान चिकटवून काही मिळणार नाही. उलट तुमच्या हातात एक टोमणा येईल, “तू पॅसिव्ह ॲग्रेसिव्ह आहेस”, आणि तो तुम्ही वापराल.

कातरवेळ, आधी एक करा. मोजा. कोर्सचे किती दिवस झाले, त्यात किती वेळा उशीर, आणि बाकीच्या दिवशी किती. त्याच्या स्वतःच्या आवडीच्या गोष्टींना तो वेळेवर पोचतो का, तेही लिहा. आठवणीवर जाऊ नका. दुखावलेली आठवण चुकीचं मोजते.

कातरवेळ

फोनमधले मेसेज आणि कॉल बघून लिहून काढलं. कोर्सचे नऊ दिवस झाले, त्यात सात वेळा उशीर, सगळे अर्ध्या तासाहून जास्त. त्याच काळात ऑफिसचे बाकीचे चौदा दिवस, त्यात उशीर एकदा. रविवारी सकाळी बॅडमिंटनला जातो, तिथे कधीच नाही.

आकडे बघून आधी बरं वाटलं, आपण वेड्या नाही म्हणून. मग रडू आलं.

घड्याळ_बंद

थांबा, माझी बाजू ऐका. मी सगळीकडे उशिरा पोचतो. बायकोच्या कामाला, माझ्या स्वतःच्या मुलाखतीला, एकदा तर ज्या गाडीची तीन महिने वाट पाहिली होती तीही चुकली. चाळिशीत कळलं की मला लक्ष टिकवण्याची अडचण आहे, वेळेचा अंदाजच येत नाही. त्याआधी पंधरा वर्षं बायको म्हणायची, तू मुद्दाम करतोस, तुला माझी किंमत नाही. ते ऐकून मी खरंच घुम्यासारखा बसायला लागलो. म्हणून म्हणतो, प्रत्येक उशिरात राग शोधू नका.

निशिगंध

अगदी बरोबर, आणि म्हणूनच मोजायला सांगितलं. तुमचा उशीर निवड करत नाही, स्वतःच्या आवडीच्या गाडीलाही सोडत नाही. कातरवेळ यांच्याकडचा मंगळवार-शुक्रवार ओळखतो. पण यातूनही एवढंच कळतं की काहीतरी आहे. काय आहे ते आकडे सांगत नाहीत.

रोखठोक

मला या सगळ्या चर्चेचाच थोडा राग येतोय, आणि तो मी इथे उघड लिहिते.

माझा साहेब शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सोमवारचं काम देतो. सहा वर्षांत एकदा ‘नाही’ म्हटलं होतं, त्या वर्षी बढती गेली. आता मी “हो सर” म्हणते आणि फाईल मंगळवारी देते. कुणी याला काहीही नाव द्या, माझ्याकडे दुसरा नकार नाही. जे सैनिक रेंगाळत होते त्यांच्याकडे तरी दुसरं काय होतं? सरळ बोलणं ज्याला परवडतं, त्याने सरळ बोलण्याचे सल्ले द्यावेत.

निशिगंध

रोखठोक, तुमच्याशी मी भांडणार नाही. जिथे खरं बोलण्याची शिक्षा खरीखुरी आहे, तिथे हे वागणं म्हणजे जीव वाचवणं असतं. म्हणून कुणी असं वागताना दिसलं की मी एक प्रश्न हमखास विचारते, याने इथे ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं?

कातरवेळ

हा प्रश्न टोचला. मला वाटत होतं, काहीच झालं नसतं. आता खात्री नाही.

मौनी

हा धागा दोन दिवस वाचतोय. मी तो नवरा आहे. म्हणजे तुमचा नव्हे, पण तसाच.

लोकांना वाटतं आम्ही ठरवून उशीर करतो. मी कधी ठरवलं नाही. व्हायचं असं, की निघायची वेळ झाली की मला टेबल आवरावंसं वाटायचं. पेन एका बाजूला, कागद एका बाजूला. मग वाटायचं, तेवढी एक मेल पाठवून टाकू. पोटात एक कडक गोळा असायचा आणि टेबल आवरताना तो जरा सैल व्हायचा. घरी पोचल्यावर बायकोचा चेहरा पाहिला की क्षणभर, अगदी क्षणभर, समाधान वाटायचं. ते समाधान मी स्वतःपासूनही लपवलं होतं. त्यामुळे तिने “रागावलास का” विचारलं की मी “नाही” म्हणायचो ते मला खोटं वाटतच नव्हतं.

लहानपणी आमच्याकडे राग फक्त वडिलांना येऊ शकत होता. मी एकदा “मला नाही यायचं” म्हणालो तर आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी दोन गोष्टी शिकलो. ‘नाही’ म्हणायचं नाही, आणि कुणाला दुखवायचं असेल तर बोलायचं नाही.

“तू मुद्दाम करतोस” असं बायको म्हणाली की मी जिंकायचो. कारण मुद्दाम हा शब्द तिला सिद्ध करता यायचा नाही.

खडूस_काका

मौनी, मनापासून लिहिलंत. पण माझा मुद्दा राहतोच. तुमच्या बायकोने चेहरा दाखवलाच नसता तर ते समाधान मिळालं नसतं आणि सवय सुटली असती.

निशिगंध

काका, तुमचं निम्मं पटतं. मागे लागणं थांबवायला हवं, कारण एकजण जितका मागे लागतो तितका दुसरा मागे सरतो, आणि दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्याने केली. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ज्या वागण्याला आजवर प्रतिसाद मिळत होता तो अचानक थांबला की ते वागणं अनेकदा आधी वाढतं. तीन दिवसांचा अबोला सात दिवसांचा होतो. बहुतेक लोक नेमके तेव्हा हरतात आणि ओरडतात. मग समोरचा शिकतो की सात दिवस ताणलं की उत्तर मिळतं.

दुसरं म्हणजे, तुम्हीही न बोलता बसलात तर घरात दोन अबोले होतात. लक्ष काढून घ्यायचं ते रुसव्यावरून. माणसाशी बोलणं चालूच ठेवायचं.

रानवारा

मौनी, मग तुमच्याकडे काय बदललं?

मौनी

तिने विचारणं सोडलं आणि सांगायला लागली. एकदा म्हणाली, “तू रागावला आहेस की नाही ते तुला माहीत. मी साडेसहापर्यंत थांबेन, मग रिक्षाने निघेन.” आणि खरंच निघाली. घरी आलो तर दारात कुणीच नाही. मला खूप राग आला, आणि आजूबाजूला तो टाकायला जागाच नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा माझा आहे. पण इतकंच सांगून थांबलो तर खोटं होईल. त्यानंतरही दोन वर्षं गेली.

कातरवेळ

निशिगंध, मला वाक्यं हवी आहेत. सात वाजून दहा मिनिटांनी मी नेमकं काय बोलू?

निशिगंध

सात वाजून दहा मिनिटांनी काहीच नाही. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांच्या भांडणांचा हृदयाचे ठोके मोजून अभ्यास केला. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं ऐकूच येईनासं होतं, आणि शरीर खाली यायला कमीत कमी वीस मिनिटं लागतात. दारात तुम्ही दोघेही त्या अवस्थेत असता. तुम्ही वर्गाला जा.

बोलायचं ते मधल्या एखाद्या दिवशी, मुलगी झोपल्यावर. फक्त जे दिसलं ते, त्याचा तुमच्यावर झालेला परिणाम, आणि पुढे तुम्ही काय करणार. उदाहरणार्थ: “नऊपैकी सात वेळा तू सातनंतर आलास आणि माझा पहिला अर्धा तास गेला. मला वाईट वाटतं. मला असंही वाटतं की या कोर्सबद्दल तुझ्या मनात काहीतरी आहे. मी चूक असेन. असेल तर मला ऐकायचंय.” यात ‘मुद्दाम’ नाही, ‘नेहमी’ नाही, ‘तुला माझी किंमत नाही’ नाही. ही तिन्ही त्याला पळायला दिलेली दारं आहेत.

तो म्हणेल, “काही नाही.” तेव्हा ते खरं धरायचं, मनापासून. “बरं, नसेल तर चांगलंच. शुक्रवारी मी सहा पस्तीसला निघणार. तू आला नसलास तर मुलीजवळ बसायला मी कुणालातरी बोलावून ठेवते.” आणि तसंच करायचं. ही शिक्षा नाही. तुमच्या वर्गाची किल्ली त्याच्या उशिराच्या हातातून काढून घ्यायची आहे. पण आवाजात जरा जरी “बघतेच आता” आलं, तर तुम्हीही तेच करताय जे तो करतोय.

टोमण्याला टोमणा नको आणि हसणंही नको. त्यातला अर्थ सरळ विचारायचा. “विदुषीबाई” म्हणाला की साध्या आवाजात, “मी हा कोर्स करू नये असं वाटतं का तुला?” एकदाच. उत्तर आलं नाही तर विषय सोडायचा.

आणि सगळ्यात अवघड ते शेवटी. राग एक दिवस खरंच बाहेर येईल तेव्हा तो नीटनेटका नसेल. पहिलं वाक्य अन्यायकारक असेल. तुमच्या तोंडावर उत्तर तयार असेल. ते त्या दिवशी द्यायचं नाही. इतक्या वर्षांनी तोंड उघडलेल्या माणसाला लगेच खोडून काढलं की तो पुन्हा उघडत नाही.

एक अट मात्र आहे. त्याचा राग बाहेर आला तर तुम्हाला किंवा मुलीला इजा होईल अशी जरा जरी भीती असेल, किंवा अबोला पैसे आणि माणसं तोडण्यापर्यंत गेला असेल, तर हे काहीही करू नका. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला आधी बाहेरची मदत लागते.

कातरवेळ

तशी भीती नाही. कधीच वाटली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. काल मुलीने खोलीचं दार लावून घेतलं होतं. काय झालं विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “काही नाही.” स्वर अगदी त्याचा.

सावली

अगं बाई.

विश्लेषक

माझं विकाराबद्दलचं मत मागे घेतो. पण एक शंका आहे. सगळं शिकायचं, गिळायचं, शांत राहायचं ते यांनीच का? उशीर तो करतोय.

रोखठोक

हेच विचारणार होते.

निशिगंध

याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. ते न्यायाचं नाही हे खरंय. धागा त्याने काढला असता तर मी त्याला सांगितलं असतं.

*(तीन आठवड्यांनंतर)*

कातरवेळ

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहिते.

बोलले त्या दिवशी “काही नाही” हेच आलं. मी बरं म्हणाले. शुक्रवारी शेजारच्या काकूंना बसवलं आणि सहा पस्तीसला निघाले. तो सात दहाला आला, काकू मुलीला गोष्ट सांगत होत्या. त्यानंतर सहा दिवस अबोला, आजवरचा सगळ्यात मोठा. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओठ चावून उभी होते. निशिगंध यांनी आधीच सांगितलं नसतं की हे वाढेल, तर मी नक्की ओरडले असते. मी रोजचं बोलत राहिले, मुलीच्या शाळेचं, बिलांचं. उत्तर नाही आलं तरी.

मग एका रात्री दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाला, “तू विचारलं नाहीस. सांगितलंस.”

माझ्या तोंडावर आलं होतं, अरे, तू हो म्हणालास! पण खरं हे आहे की त्याला विचारलं तेव्हा मी फी भरून दोन दिवस झाले होते. मी गप्प राहिले आणि विचारलं, “अजून?” बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, तीन वर्षांपूर्वी त्याला नोकरी सोडून काहीतरी वेगळं करायचं होतं तेव्हा मी एका वाक्यात “आत्ता शक्य नाही” म्हणाले होते, आणि नंतर कधी तो विषय काढला नाही. मला ते संभाषण आठवतसुद्धा नाही. त्याला मी तेव्हा कोणती साडी नेसले होते तेही आठवतंय.

सगळं ठीक झालेलं नाही. मला त्याचाही राग आहे, की तीन वर्षं हे माझ्यापासून लपवलं आणि माझ्या वर्गावर काढलं. ते अजून बोलायचंय.

पण या मंगळवारी पाच वाजता त्याचा मेसेज आला. “आज मला वेळेत यायचं नाहीये. वैतागलोय.”

मौनी

हा मेसेज लिहायला त्याला किती वेळ लागला असेल ते मला माहीत आहे.

खडूस_काका

पण म्हणजे उशीर केलाच ना?

मौनी

केला, काका. पण सांगून केला.

निशिगंध

कातरवेळ, तुम्ही उत्तर काय पाठवलंत?

कातरवेळ

पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मग विचारलं, “बरं. किती वाजता येशील?” आठ म्हणाला. काकूंना बोलावून मी वर्गाला गेले. काकू सांगत होत्या, आठला पाच मिनिटं असताना बेल वाजली.